सहकाऱ्याचे वडील गेले, काय लिहावे?

कचेरीत, शाळेत किंवा बँकेत रोज शेजारी बसणाऱ्या माणसाची आई किंवा वडील गेल्याची बातमी येते आणि आपल्यापुढे एक अवघड काम उभे राहते. नातेवाइकांना काय करायचे ते ठाऊक असते; ते धावत जातात. शेजारी पिठलं-भात करून नेतात. सहकाऱ्याला मात्र आजच जावे की दोन दिवसांनी, फोन करावा की नको, हेच कळत नाही. मग तो लिहितो. पूर्वी पोस्टकार्ड लिहीत असे, आता मोबाईलवर लिहितो. आणि काय लिहावे हे सुचत नाही म्हणून दुसऱ्या कुणी लिहिलेले वाक्य उचलून पुढे पाठवतो, किंवा नुसते जोडलेले हात पाठवून मोकळा होतो.

आरोग्याच्या सदरात शोकसंदेशाचे काय काम, असे काही वाचक विचारतील. काम आहे. दुःख हे नुसते मनात नसते, ते शरीरात असते. आणि त्या दिवसांत माणसाच्या कानावर आणि डोळ्यांपुढे जे शब्द येतात, त्यांतले काही पुढे वर्षानुवर्षे त्याच्याजवळ राहतात. कोणते राहावेत, हे थोडेसे आपल्या हातात असते.

अमेरिकेतील बोस्टन शहरात १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये एका नाइटक्लबला आग लागून सुमारे ४९० माणसे मेली. तिथल्या एरिक लिंडेमान नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्या आगीत जवळची माणसे गमावलेल्यांना आणि इतरही शोकग्रस्तांना तपासून १९४४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दुःखाची शारीरिक लक्षणे इतक्या बारकाईने त्याआधी फारशी कुणी टिपलेली नव्हती. घसा आवळल्यासारखा होतो, सारखे उसासे येतात, पोटात पोकळी असल्यासारखे वाटते, हातापायांतले त्राण जाते, अन्नाची चव जाते. आणि हे सतत होत नाही. लाटेसारखे येते, वीस मिनिटे ते तासभर राहते आणि ओसरते. कुणी भेटायला आले, गेलेल्या माणसाचे नाव निघाले, की लाट येते. ज्याने आपल्या घरात मृत्यू पाहिला आहे, त्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. मागे राहिलेला माणूस मृत्यूच्या आधीचे दिवस पुन्हा पुन्हा चाळत बसतो आणि आपले कुठे चुकले ते शोधतो. लहानसहान गोष्टी त्याला डोंगराएवढ्या दिसू लागतात. ‘त्या दिवशी रजा घेतली असती तर’, ‘खोकला लागला तेव्हाच दाखवले असते तर’, ‘शेवटचे बोललो ते रागावून बोललो’. दवाखान्यात बसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ही वाक्ये ओळखीची आहेत. आई-वडील गेल्यानंतर झोप लागत नाही म्हणून येणाऱ्या माणसाला पाच मिनिटे बोलू दिले, की बहुतेक वेळा त्यांतले एखादे बाहेर पडते.

म्हणून माझे मत असे आहे, की सहकाऱ्याच्या संदेशाचे खरे काम सांत्वन करणे हे नव्हेच. चार ओळींनी कुणाचे सांत्वन होत नसते. त्याचे काम साक्षीदाराचे आहे. आपला सहकारी आई-वडिलांसाठी काय करत होता, हे घरच्यांनी पाहिलेले नसते असे पुष्कळ काही आपण पाहिलेले असते. दुपारच्या सुटीत तो घरी फोन लावत होता. औषधे घेण्यासाठी धावपळ करून साडेपाचची एसटी पकडत होता. वडिलांचा एखादा विनोद डबा खाताना सांगत होता. यातले एक वाक्य, खरे आणि नेमके, लिहिले तर ते त्याच्या मनातल्या खटल्यात त्याच्या बाजूने दिलेल्या जबानीसारखे असते. ही जबानी फक्त शेजारच्या टेबलावरचा माणूसच देऊ शकतो.

आता आपण प्रत्यक्षात काय लिहितो ते पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेच्या शाखेत सुरेशराव नावाचे रोखपाल आहेत. त्यांचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरात आणि गावात त्यांना अण्णा म्हणत. वर्षभर रक्तदाबाचे औषध चालू होते. ३१ मार्चला वर्षअखेरीच्या हिशेबासाठी सुरेशराव रात्री उशिरापर्यंत शाखेत अडकले होते आणि त्याच संध्याकाळी घरी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. आठ दिवस रुग्णालयात राहून ते गेले. शेजारच्या टेबलावर बसणारे मधुकर यांना आता दोन ओळी लिहायच्या आहेत.

पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘आपल्या तीर्थरूप वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.’ यात वावगे असे काही नाही. पण हे वाक्य जिल्ह्यातल्या कुणीही जिल्ह्यातल्या कुणालाही लिहू शकतो. ते वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेच्या आणि शोकसभेच्या ठरावाच्या भाषेतून आले आहे आणि संस्थेच्या लेटरहेडवर शोभते. जो माणूस बारा वर्षे ‘अहो सुरेशराव, चहा सांगू का’ म्हणत आला, तो एकदम ‘आपणांस’ म्हणू लागला, तर वाचणाऱ्याला तो दाराबाहेर उभा राहून बोलतो आहे असे वाटते.

आदर आणि ताठरपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मराठीत त्यांच्यातला फरक पुष्कळसा संबोधनात असतो. साधा नियम असा, की रोज जसे बोलता तसेच लिहा. रोज ‘तुम्ही’ म्हणत असाल तर ‘तुम्ही’, ‘तू’ म्हणत असाल तर ‘तू’. दुःखाच्या प्रसंगी अंतर वाढवू नये आणि उगाच कमीही करू नये. गेलेल्या माणसाचा उल्लेखही असाच. सुरेशराव ज्यांना अण्णा म्हणत आणि तुम्हीही भेटल्यावर अण्णाच म्हणत होता, त्यांना ‘आपले वडील’ करू नका. आणि कधीच भेटला नसाल, तर ओळख असल्यासारखे ‘अण्णा’ही लिहू नका, ‘तुमचे वडील’ म्हणा.

मृत्यूसाठी कोणता शब्द वापरायचा, यातही एक खाच आहे. आपल्या कचेऱ्यांत सगळ्या समाजांची माणसे असतात. ‘कैलासवासी’ हा शब्द आपण सरसकट लिहितो, पण बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ म्हणतात, आणि जिथे आत्मा ही कल्पनाच मानली जात नाही तिथे ‘मृतात्म्यास शांती’ ही प्रार्थना अस्थानी ठरते. मुसलमान सहकाऱ्याच्या घरी ‘मरहूम’ म्हणतात, मराठी बातम्यांत ‘पैगंबरवासी’ लिहितात. ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’, लिंगायत घरात ‘लिंगैक्य’. त्या घरची पद्धत नीट माहीत असेल तर तो शब्द जरूर वापरावा. माहीत नसेल तर ‘गेले’ हा आपला साधा मराठी शब्द सगळ्यांना चालतो, कुणालाही दुखवत नाही आणि कृत्रिमही वाटत नाही.

पहिला मसुदा कोरडा वाटला की मधुकर दुसऱ्या टोकाला जाण्याची शक्यता असते. मग तो लिहितो: ‘सुरेशराव, धीर धरा. पिकलं पान कधीतरी गळणारच. अण्णा सुटले म्हणायचे, अंथरुणाला खिळून राहिले असते तर हाल झाले असते. आता घरात तुम्हीच मोठे, तुम्ही खचून चालणार नाही. पण झटका आला तेव्हा लगेच मोठ्या दवाखान्यात नेलं नव्हतं का? काही लागलं तर सांगा.’

ही वाक्ये आपण सगळेच बोलतो आणि ती मायेनेच बोलली जातात. तरीही एकेक तपासून पाहा. ‘पिकलं पान’ म्हणजे तुमचे दुःख वयाच्या मानाने जास्त होते आहे, असा त्याचा अर्थ पोहोचतो. वडील पंचाहत्तरीचे असले तरी मुलासाठी ते एकच असतात. ‘सुटले’ हे घरच्या माणसाने म्हणावे, बाहेरच्याने नाही. मुलगा स्वतः म्हणाला, तर आपण मान डोलवावी, एवढेच. ‘तुम्ही खचून चालणार नाही’ या वाक्याने आपण त्याचे रडणे बंद करतो. विशेषतः पुरुषांना ते हमखास ऐकवले जाते, आणि मग तेच पुरुष तीन महिन्यांनी छातीत धडधडते म्हणून तपासायला येतात.

सगळ्यांत वाईट वाक्य म्हणजे दवाखान्याची चौकशी. कशाने गेले, कोणत्या डॉक्टरकडे नेले, किती वाजता नेले, हे प्रश्न संदेशात विचारूच नयेत. विचारणाऱ्याच्या मनात कुतूहल असते, पण ज्याला विचारले तो त्याचे उत्तर रात्रभर देत राहतो. पक्षाघातात पहिल्या काही तासांना फार महत्त्व असते, हे आता वर्तमानपत्रे वाचून पुष्कळांना माहीत झाले आहे. ते जिवंत रुग्णासाठी उपयोगाचे ज्ञान आहे. मृत्यूनंतर मुलाच्या हातात ते दिले, की त्याची सुरी होते. सुरेशरावांच्या मनात ३१ मार्चची रात्र आधीच ठाण मांडून बसलेली आहे.

याच्या उलट चूकही होते. ‘तुम्ही घरी असतात तरी काही फरक पडला नसता’, असे मधुकर लिहू पाहील. हेतू चांगला, पण हे त्याला कुठे ठाऊक आहे? ते सांगायचेच तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने, कागद पाहून सांगावे. न जाणता दिलेला निर्वाळा माणसाला लगेच ओळखू येतो, आणि आपली समजूत काढली जात आहे असे वाटले की तो अधिकच आत मिटतो. शिवाय त्या रात्रीचा उल्लेख आपण होऊन काढायचाच कशाला? साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच सांगावे.

तेव्हा मधुकरने असे काहीतरी लिहावे:

‘सुरेशराव,
अण्णा गेल्याचं काल संध्याकाळी कळलं. फार वाईट वाटलं. पेन्शन काढायला आले की तुमच्याकडे न येता रांगेत उभे राहायचे, आणि मी खुर्ची दिली तर “आधी नंबर, मग खुर्ची” म्हणायचे, ते सारखं आठवतंय. गेलं वर्षभर तुम्ही रोज दुपारी दोनला घरी फोन करून “अण्णा, गोळी घेतलीत का” असं विचारत होतात, ते मी शेजारून ऐकत होतो. एक दिवस चुकला नाही.
तुम्ही येईपर्यंत कॅश मी बघतो, साहेबांशी बोललो आहे. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास येऊन जातो. याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका.
मधुकर’

यात एकही मोठा शब्द नाही, पण अनादरही नाही. नीट पाहिले तर तीनच गोष्टी आहेत. पहिली, गेलेल्या माणसाची एक खरी आठवण, त्याच्या नावासकट. सद्गुणांची यादी नको. ‘मनमिळाऊ, प्रेमळ, कष्टाळू’ हे कुणालाही लागू पडते, ‘आधी नंबर, मग खुर्ची’ हे फक्त अण्णांना लागू पडते. ते वाचून सुरेशरावांच्या डोळ्यांत पाणी येईल, कदाचित वर सांगितलेली लाटही येईल. म्हणून कुणी घाबरू नये. ती लाट आपण निर्माण केलेली नसते, ती असतेच. आणि वडिलांची आठवण दुसऱ्या कुणाजवळही आहे, हे कळून आलेले रडे माणसाला मोकळे करते.

दुसरी गोष्ट म्हणजे ती जबानी. ‘तुम्ही त्यांचं खूप केलंत’ असे प्रमाणपत्र मधुकरने दिलेले नाही. रोज दोनचा फोन ऐकला, एवढेच सांगितले आहे. निष्कर्ष सुरेशरावांनी काढायचा. असे काहीच पाहिलेले नसेल तर रचून लिहू नये. मग ‘तुम्ही त्यांच्याबद्दल बोलायचात’ किंवा नुसते ‘फार वाईट वाटलं, तुमची आठवण काढतो आहे’ एवढेही पुरते. खऱ्या दोन ओळी खोट्या दहा ओळींपेक्षा बऱ्या.

तिसरी, एक ठरलेले काम. ‘काही लागलं तर सांगा’ यात सगळा भार पुन्हा त्याच्यावर टाकलेला असतो. त्याने गरज ओळखायची, मग तोंड उघडून मागायचे. ज्या माणसाला जेवण गोड लागत नाही, एका जागी बसून चार ओळी वाचवत नाहीत, त्याच्याकडून हे होणार नाही. त्यापेक्षा आपण काय करतो आहोत ते सांगून टाकावे: कॅश मी बघतो, रजेचा अर्ज मी पुढे पाठवतो, दहावीचे पेपर मी तपासतो. आणि उत्तराची अपेक्षा नाही हे स्पष्ट लिहावे. त्या आठवड्यात त्याच्या मोबाईलवर दोनशे संदेश आलेले असतात, आणि प्रत्येकाला ‘धन्यवाद’ लिहिण्याचे ओझे वाटत असते.

एक अपवाद सांगायला हवा. प्रत्येक घरातले बाप-लेकाचे नाते गोड नसते. दारूने घर उद्ध्वस्त केलेला बाप गेला, किंवा वीस वर्षे न बोललेली आई गेली, तरी मूल पोरके होतेच. पण त्याचे दुःख गुंतागुंतीचे असते, त्यात राग असतो आणि कधी सुटकाही असते. अशा सहकाऱ्याला ‘पितृछत्र हरपले’, ‘आईसारखे दैवत नाही’ असे लिहिले तर त्याला आपण खोटे ठरल्यासारखे वाटते. तिथे गेलेल्या माणसाविषयी काही न लिहिता फक्त त्याच्याविषयी लिहावे: ‘बातमी कळली. हे दिवस तुला कसे जात असतील याचा विचार करतो आहे. बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तरी हरकत नाही.’

संदेश केव्हा पाठवावा? कळल्याबरोबर, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला, आता काय लिहायचे, म्हणून गप्प बसणे ही चूक आहे. उशिरा लिहिलेले चालते. उशिराची लांबलचक कारणे मात्र देऊ नयेत. आणि कचेरीच्या गटावर सगळ्यांबरोबर लिहिले असले, तरी रोज शेजारी बसणाऱ्याने वेगळे, एकट्याला लिहावे.

दुसरा संदेश पहिल्याहूनही मोलाचा असतो आणि तो जवळजवळ कुणीच पाठवत नाही. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. मग पाहुणे जातात, सहकारी कामावर रुजू होतो, आणि सगळे जण त्याच्यासमोर तो विषय टाळू लागतात. खरी पोकळी तेव्हा जाणवते. महिन्याभराने एक ओळ लिहावी, ‘आज दुपारी दोन वाजता अण्णांची आठवण झाली.’ वर्षातला पहिला सण आला की दुखवट्याच्या घरी फराळ करत नाहीत. दुसऱ्यांनी नेऊन द्यायची आपली पद्धत आहे. दिवाळीत फराळाचा डबा सहकाऱ्याच्या घरी पोहोचवणे हाही शोकसंदेशच आहे, आणि त्याला शब्द लागत नाहीत.

भेटायला गेलात तर डॉक्टर म्हणून एक विनंती. घरात मागे राहिलेली आई किंवा वडील असतील, तर त्यांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढे हळूच विचारा. या तेरा दिवसांत त्या हमखास राहून जातात. छातीत दुखणे, दम लागणे असे काही असेल, तर ते दुःखामुळेच होत असेल असे म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि संदेशाची मर्यादाही ओळखा. दुःख हा आजार नव्हे. त्याच्या लाटा हळूहळू विरळ होत जातात, बहुतेक माणसे औषधावाचून सावरतात. पण सहा महिने उलटून गेले तरी लाटा तितक्याच तीव्र आहेत, माणूस कामात, घरात, कशातच परत आलेला नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याला दीर्घकाळ लांबलेल्या शोकाचा विकार म्हटले आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘मलाही आता जगायचं नाही’ असे तो कधीही म्हणाला, पहिल्या आठवड्यात जरी म्हणाला, तरी ते बोलणे दुःखाच्या भरातले समजून सोडू नये. त्याला एकटे ठेवू नका, घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. तिथे मराठीतही बोलता येते. तिथे मात्र चार ओळी पुरत नाहीत. उठून सोबत जावे लागते.